पिवळी रेषा जिथून मागे फिरते

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात, टेबलावर सोडियमचा दिवा पिवळा जळत असतो आणि त्याच्यासमोर स्पेक्ट्रोमीटर मांडलेला असतो. उपकरणाच्या मध्यभागी एक लहान गोल मंच आणि त्यावर काचेचा तिन्ही बाजू सारख्या असलेला लोलक, म्हणजे प्रिझम. दिव्याचा प्रकाश एका बारीक उभ्या फटीतून येतो, लोलकातून वाकून बाहेर पडतो आणि दुर्बिणीत त्या फटीची पिवळी रेषा दिसते. आता मंच हळूहळू एकाच दिशेने फिरवायचा. रेषा सरकू लागते. दिवा जिथे सरळ दिसला असता त्या बाजूला ती येत राहते, म्हणजे किरण कमी कमी वाकू लागतो. मग तिचा वेग मंदावतो, ती थबकते, आणि मंच त्याच दिशेने फिरत असतानाही उलट्या दिशेने परत जायला लागते.

रेषा जिथे थबकते ते स्थान म्हणजे किमान विचलनाची स्थिती. लोलकातून जाताना किरण मूळ दिशेपासून जेवढा वळतो त्या कोनाला विचलन कोन म्हणतात, आणि दिलेल्या लोलकात दिलेल्या रंगाचा किरण यापेक्षा कमी वळूच शकत नाही. हा एक कोन मोजला की काचेचा अपवर्तनांक कळतो. प्रकाश काचेत शिरताना किती वाकेल हे सांगणारी ती संख्या. यात नवल असे, की किरण लोलकावर नेमक्या कोणत्या कोनात पडला हे मोजावेच लागत नाही. ते का लागत नाही, हेच या प्रयोगाचे मर्म आहे.

रेषा का थबकते?

किरण लोलकात शिरताना एकदा आणि बाहेर पडताना दुसऱ्यांदा वाकतो. दोन्ही वेळा नियम तोच. हवेतल्या कोनाच्या साइनला काचेतल्या कोनाच्या साइनने भागले की अपवर्तनांक मिळतो. कोन मोजायचे ते पृष्ठभागाला काढलेल्या लंबापासून. साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५१७ असतो. तो धरून ६० अंशांच्या लोलकाचा हिशेब करून पाहू.

किरण ४० अंशांत पडला तर काचेत तो लंबाशी सुमारे २५ अंशांचा कोन करतो. लोलकाच्या आत दोन पृष्ठभागांपाशी होणाऱ्या कोनांची बेरीज नेहमी लोलकाच्या शिरोकोनाएवढी, म्हणजे इथे ६० अंश असते. त्यामुळे दुसऱ्या पृष्ठभागावर तो सुमारे ३५ अंशांत आदळतो आणि बाहेर पडतो तेव्हा लंबाशी ६०.३ अंशांचा कोन करतो. एकूण विचलन म्हणजे आत येतानाचा कोन अधिक बाहेर पडतानाचा कोन वजा शिरोकोन. ४० अधिक ६०.३ वजा ६० म्हणजे ४०.३ अंश.

हाच हिशेब पुढच्या कोनांसाठी केला तर ४५ अंशांना विचलन ३९.० येते, ५० अंशांना ३८.७, ५५ अंशांना ३९.१ आणि ६० अंशांना पुन्हा ४०.२. आकडे आधी उतरले, मग चढले. मधला तळ साधारण ४९.३ अंशांपाशी आहे आणि तिथे विचलन ३८.६ अंशांच्या आसपास आहे.

तळ नेमका तिथेच का, याचे उत्तर आकडेमोडीशिवायही देता येते. प्रकाशाची वाट उलटसुलट सारखीच असते. किरण ४० अंशांत आत येऊन ६०.३ अंशांत बाहेर पडत असेल, तर त्याच वाटेने उलट सोडलेला किरण ६०.३ अंशांत आत येऊन ४० अंशांत बाहेर पडेल आणि तेवढाच वळेल. म्हणजे प्रत्येक विचलनाला आत येण्याच्या कोनांची एक जोडी आहे. तळ मात्र एकच आहे, त्याला जोडीदार असू शकत नाही. तेव्हा तिथे जोडीतले दोन्ही कोन एकच असले पाहिजेत. किरण ज्या कोनात आत येतो त्याच कोनात बाहेर पडतो. मग काचेतले दोन्ही कोनही सारखे, प्रत्येकी शिरोकोनाच्या निम्मे, म्हणजे ३० अंश. समभुज लोलकात अशा वेळी आतला किरण पायाला समांतर धावतो.

आता सूत्र आपोआप हाती येते. आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा कोन सारखा असेल, तर तो शिरोकोन आणि विचलन यांच्या बेरजेच्या निम्मा असणार. हवेतला कोन कळला, काचेतला कोन आधीच माहीत आहे, आणि त्यांच्या साइनचे गुणोत्तर म्हणजेच अपवर्तनांक. n अपवर्तनांक, A शिरोकोन आणि D किमान विचलन मानले तर:

n = sin((A + D)/2) / sin(A/2)

शिरोकोन ६० अंश असेल तर खालचा भाग ३० अंशांचा साइन, म्हणजे निम्मा होतो आणि सूत्र आणखी सोपे होते:

n = 2 sin(30° + D/2)

तळाच्या सपाटीचा फायदा

वरच्या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. आत येण्याचा कोन ४५ वरून ५५ अंशांवर गेला, तब्बल दहा अंशांनी बदलला, तरी विचलन अर्ध्या अंशानेही हलले नाही. तळाजवळ आलेख सपाट असतो. २१ जूनच्या आसपास दिवस सर्वांत मोठा असतो आणि मागेपुढे चार दिवस त्याच्या लांबीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही, तसेच हे.

मोजणाऱ्याला याचा मोठा उपयोग होतो. लोलक अचूक स्थितीत बसला नाही, एका अंशाने चुकला, तरी विचलनात पडणारा फरक साधारण एका मिनिटाचा असतो. हे कोनाचे मिनिट, अंशाचा साठावा भाग. म्हणजे मंच फिरवताना झालेली चूक साठ पटींनी आकसून उत्तरात उतरते. इतर कोणत्याही स्थितीत लोलक ठेवला असता तर आत येण्याचा कोनही तितक्याच काटेकोरपणे मोजावा लागला असता. तो मोजायचा तर लोलकाच्या पृष्ठभागाचा लंब कुठे आहे हे ठाऊक हवे, आणि तो शोधणे वेगळेच काम होऊन बसते. किमान विचलनाशी गेलो की ती अडचण उरत नाही. स्थिती बरोबर आहे की नाही हे रेषाच मागे फिरून सांगते.

अकरावी-बारावीत हा प्रयोग टाचण्या आणि ड्रॉइंग बोर्डावर केला जातो. कागदावर लोलकाची बाह्यरेषा आखून वेगवेगळ्या कोनांत टाचण्या रोवायच्या, पलीकडून पाहून त्यांच्या सरळ रेषेत आणखी दोन टाचण्या लावायच्या आणि प्रत्येक वेळचे विचलन कोनमापकाने मोजून आलेख काढायचा. तिथे एका अंशाची चूक सहज होते, आणि विचलनातल्या एका अंशाने अपवर्तनांक सुमारे ०.०११ ने बदलतो. त्यामुळे टाचण्यांचे उत्तर १.५१ किंवा १.५२ इथपर्यंतच पोचते. तिसरा दशांश हवा असेल तर स्पेक्ट्रोमीटरच लागतो.

मोजणीची वाट

स्पेक्ट्रोमीटरचे मुख्य भाग तीन. ज्याच्या टोकाला फट असते ती नळी म्हणजे कॉलिमेटर. ती फटीतून आलेल्या किरणांना समांतर करते. मध्ये लोलकाचा मंच. आणि त्याभोवती फिरणारी दुर्बीण, जिची दिशा खालच्या गोल मापपट्टीवर वाचता येते. मापपट्टीला समोरासमोर दोन व्हर्नियर असतात आणि त्यांवर साधारणपणे एका मिनिटापर्यंत वाचन करता येते.

आधीची जुळवणी कंटाळवाणी असली तरी ती टाळून चालत नाही. प्रथम आयपीस पुढेमागे करून क्रॉसवायर स्पष्ट दिसू द्यायची. मग दुर्बीण खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडावर किंवा इमारतीवर रोखून ते चित्र स्पष्ट करायचे. आता दुर्बीण समांतर किरणांसाठी तयार झाली. त्यानंतर ती कॉलिमेटरच्या समोर आणायची आणि दुर्बिणीला हात न लावता फक्त कॉलिमेटर सरकवून फटीची कड धारदार करायची. मंचाखालच्या तीन स्क्रूंनी मंच सपाट करायचा. सोडियमचा दिवा आधी तांबूस दिसतो आणि तापल्यावरच पूर्ण पिवळा होतो, म्हणून तो या सगळ्याच्या आधीच लावून ठेवायचा.

लोलक मंचावर ठेवल्यावर नवख्या विद्यार्थ्याची नेहमी होणारी चूक म्हणजे भलतीच रेषा पकडणे. लोलकाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून काही प्रकाश आरशासारखा परावर्तितही होतो आणि त्याचीही पिवळी रेषा दिसते. दोन्ही रेषा दिसायला सारख्या, पण वागायला नाहीत. परावर्तित रेषा मंच फिरवत गेलो की एकाच दिशेने पळत राहते, ती कधीच मागे फिरत नाही. जी मागे फिरते तीच आपली. आणि रेषा दिसतच नसेल तर कदाचित किरण फार उभा पडतो आहे. क्राउन काचेच्या ६० अंशी लोलकात आत येण्याचा कोन सुमारे २९ अंशांपेक्षा कमी झाला, तर दुसऱ्या पृष्ठभागावर किरणाचे संपूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि समोरून काहीच बाहेर पडत नाही. म्हणून आधी नुसत्या डोळ्याने लोलकात पाहून रेषा शोधायची आणि मगच दुर्बीण तिथे न्यायची.

रेषा थबकते त्या जागी दुर्बिणीची उभी क्रॉसवायर तिच्यावर आणायची, मंच थोडा पुढेमागे हलवून ती खरोखर वळणबिंदूवर आहे याची खात्री करायची, मंच घट्ट करायचा आणि दोन्ही व्हर्नियर वाचायचे. नंतर लोलक अलगद उचलून दुर्बीण कॉलिमेटरच्या सरळ रेषेत आणायची आणि सरळ किरणाचे वाचन घ्यायचे. दोन वाचनांतला फरक म्हणजे किमान विचलन. अनेक उपकरणांत व्हर्नियर मंचालाच जोडलेले असतात, त्यामुळे लोलक उचलताना मंच हलला तर मोजणीच वाया जाते.

आता नमुन्याची वाचने घेऊ. पहिल्या व्हर्नियरवर किमान विचलनाच्या स्थितीत २२३ अंश ४९ मिनिटे आणि सरळ किरणासाठी १८५ अंश १० मिनिटे. फरक ३८ अंश ३९ मिनिटे. दुसऱ्या व्हर्नियरवर ४३ अंश ४९ मिनिटे आणि ५ अंश १२ मिनिटे. फरक ३८ अंश ३७ मिनिटे. दोघांत दोन मिनिटांचे अंतर पडते, कारण मापपट्टीचे केंद्र आणि दुर्बीण फिरते तो अक्ष कधीच तंतोतंत एका ठिकाणी नसतात. समोरासमोरच्या दोन व्हर्नियरची सरासरी घेतली की हा दोष निघून जातो. दोन व्हर्नियर असतात ते त्यासाठीच. सरासरी ३८ अंश ३८ मिनिटे.

त्यात ६० अंश मिळवून निम्मे केले की ४९ अंश १९ मिनिटे. त्याचा साइन ०.७५८३. दुप्पट केली की १.५१७. फ्लिंट काचेचा अपवर्तनांक १.६२ च्या आसपास असतो आणि तिच्या लोलकाचे किमान विचलन ४८ अंशांच्या पुढे जाते. तेव्हा आपला लोलक क्राउन काचेचाच. उत्तर १.३ किंवा १.९ असे काही आले तर काचेला दोष देण्याआधी वाचने तपासावीत. दुर्बीण मापपट्टीचे शून्य ओलांडून गेली असेल तर वजाबाकीत ३६० मिळवायचे राहून गेलेले असते.

‘समभुज’ या विशेषणावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बाजू सारख्या दिसल्या तरी शिरोकोन पाच-दहा मिनिटांनी कमीजास्त असू शकतो, आणि अशा लोलकात शिरोकोनातली एका मिनिटाची चूक अपवर्तनांकात साधारण ०.०००२ एवढी उतरते. विचलनातल्या एका मिनिटाच्या चुकीची किंमतही जवळजवळ तेवढीच. म्हणजे विचलन मिनिटापर्यंत मोजायचे आणि शिरोकोन ६० धरून मोकळे व्हायचे, यात अर्थ नाही. तोही मोजावा. लोलकाची धार कॉलिमेटरकडे करून दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित झालेल्या रेषा दोन बाजूंना पाहायच्या. त्यांच्यातला कोन शिरोकोनाच्या दुप्पट असतो, समभुज लोलकासाठी १२० अंशांच्या जवळपास.

न्यूटनने लोलक असाच का ठेवला

आयझॅक न्यूटनने १६७२ साली रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात आपल्या प्रयोगाची मापे दिली आहेत. त्याच्या लोलकाचा शिरोकोन ६३ अंश १२ मिनिटे होता, म्हणजे तो पुरता समभुज नव्हता. खिडकीच्या भोकातून येणारा सूर्यप्रकाश त्याने लोलकातून २२ फूट लांबच्या भिंतीवर पाडला आणि लोलक अशा स्थितीत ठेवला, की आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा कोन सारखाच, ५४ अंश ४ मिनिटे होता. हीच किमान विचलनाची स्थिती. आपल्या सूत्राने त्याचे विचलन ४४ अंश ५६ मिनिटे आणि अपवर्तनांक सुमारे १.५५ निघतो.

त्याला अपवर्तनांकापेक्षा दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर हवे होते. भिंतीवरचा रंगीत पट्टा १३ १/४ इंच लांब आणि २ ५/८ इंच रुंद होता, लांबी रुंदीच्या पाचपट. सूर्याच्या तबकडीच्या दोन कडांचे किरण लोलकावर किंचित वेगवेगळ्या कोनांत पडतात, म्हणून पट्टा लांबला असेल, अशी शंका कोणीही काढली असती. पण किमान विचलनाच्या स्थितीत आत येण्याचा कोन थोडा बदलल्याने विचलन बदलत नाही. न्यूटनने लोलक चार-पाच अंश इकडेतिकडे फिरवूनही पाहिला, रंग भिंतीवरच्या जागेवरून जाणवण्याइतके हलले नाहीत. सूर्याच्या तबकडीची रुंदी तर जेमतेम अर्ध्या अंशाची. तेव्हा लांबीचे कारण कोनांत असू शकत नव्हते, ते रंगांतच असले पाहिजे. प्रत्येक रंगाचा काचेतला अपवर्तनांक वेगळा आहे.

म्हणूनच अपवर्तनांक सांगताना रंगही सांगावा लागतो. सोडियमच्या जागी पाऱ्याचा दिवा लावला तर एका पिवळ्या रेषेऐवजी पिवळ्या, हिरव्या, निळ्या, जांभळ्या अशा अनेक रेषा दिसतात आणि प्रत्येक रेषा आपापल्या जागी मागे फिरते. नेहमीच्या क्राउन काचेत हिरव्या रेषेचे किमान विचलन ३८.८ अंशांच्या आसपास, तर निळ्या रेषेचे ३९.५. त्यावरून अपवर्तनांक निघतात १.५१९ आणि १.५२७. म्हणजे हिरव्यावर स्थिर केलेला मंच निळ्यासाठी तसाच वापरणे नियमाला धरून नाही. तळाच्या सपाटीमुळे त्याने फारसे बिघडत नाही, तरी काटेकोर मोजणीत प्रत्येक रेषेसाठी वळणबिंदू नव्याने शोधतात. रंगाचे नाव पुरेसे नेमके नसते, ही अडचण जर्मनीत योसेफ फ्राउनहोफरने सोडवली. १८१४ च्या सुमारास लोलक आणि दुर्बीण वापरून काचांचे अपवर्तनांक मोजताना सूर्याच्या वर्णपटात त्याला बारीक काळ्या रेषा दिसल्या. त्या नेहमी त्याच जागी असतात, म्हणून त्यांनाच त्याने खुणेचे दगड केले आणि अक्षरे दिली. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाशी जुळणाऱ्या त्याच्या D रेषेच्या नावाने काचेचे अपवर्तनांक दीर्घकाळ छापले गेले.

आकाशातले साठ अंश

या सूत्राला काचच लागते असे नाही. चंद्राला खळे पडते तेव्हा खूप उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षट्कोनी स्फटिक तरंगत असतात. षट्कोनाच्या शेजारच्या दोन बाजूंत १२० अंशांचा कोन असतो, आणि बर्फात अशा कोनातून किरण बाहेरच पडू शकत नाही. पण एक बाजू सोडून पुढची बाजू घेतली तर त्यांच्यात ६० अंश. म्हणजे प्रत्येक स्फटिकात समभुज लोलक दडलेला आहे.

स्फटिक वाटेल त्या दिशांना वळलेले असतात, त्यामुळे प्रकाश त्यांवर वाटेल त्या कोनात पडतो. इथे मंच फिरवणारे कोणी नाही, पण सगळ्या स्थिती एकाच वेळी हजर आहेत. त्यांतल्या कितीतरी स्थितींत किरण जवळजवळ सारखेच, किमान विचलनाएवढे वळतात, कारण तळ सपाट आहे. प्रकाश तिथे गर्दी करतो आणि कडे उमटते. त्याहून कमी वळलेला किरण असूच शकत नाही, म्हणून कड्याच्या आतले आकाश बाहेरच्यापेक्षा काळसर दिसते.

या कड्याची त्रिज्या सुमारे २२ अंश असते. सूत्रात घातली की ३० अधिक ११ म्हणजे ४१ अंश, त्याचा साइन ०.६५६ आणि दुप्पट १.३१. हा बर्फाचा अपवर्तनांक. हात लांब करून पंजा ताणला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० ते २२ अंश भरतात, त्यामुळे ही मोजणी अंगणातूनही होते. तिच्यात दोन अंशांची चूक धरली तर अपवर्तनांक १.३१ च्या मागेपुढे ०.०३ एवढा सैल राहतो. पाणी की बर्फ हे तेवढ्यावरून ठरत नाही, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे आणि ६० अंशांच्या पाण्याच्या लोलकाचे किमान विचलन साडेतेवीस अंशांच्या आसपास आले असते. अधिक नेमके उत्तर हवे असेल तर कड्याशेजारी ओळखीचे तारे असलेले छायाचित्र घ्यावे आणि ताऱ्यांमधल्या ज्ञात अंतरांवरून त्रिज्या काढावी.

त्रिज्या मात्र कड्याच्या तेजस्वी पट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजू नये. किमान विचलन ही कड्याची आतली कड आहे. तांबड्या रंगाचा बर्फातला अपवर्तनांक सर्वांत कमी, म्हणून ही कड किंचित तांबूस असते आणि साडेएकवीस अंशांच्या जवळ सापडते. त्यापुढच्या पट्ट्यात इतर रंगांचे किमान विचलन आणि किमानाहून जास्त वळलेले किरण एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे तिथून काढलेला आकडा नेमका कोणत्या रंगाचा अपवर्तनांक आहे हे सांगता येत नाही.